हॉटेल बुकिंगचा कन्फर्मेशन स्क्रीन: ‘पैसे हॉटेलवर’, ना-परतावा दर आणि रद्द करण्याची मुदत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर रेल्वे स्थानकाजवळच्या एका लॉजच्या काउंटरवर मी बुकिंगचे काम पाहतो. अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर या तिन्ही ठिकाणी दर्शनाला जाणारी कुटुंबे सोलापुरात मुक्काम ठेवतात आणि त्यांतील बहुतेकांचे बुकिंग आता मोबाइलवरून होते. काउंटरवर होणाऱ्या वादांपैकी सर्वाधिक वाद खोलीवरून होत नाहीत, ते बुकिंगच्या स्क्रीनवरील तीन ओळींवरून होतात. म्हणून त्या तीन ओळींपुरतेच, पण सविस्तर, येथे लिहिले आहे.

स्क्रीनवर Pay at property, Non-refundable आणि Free cancellation until अशा तीन ओळी दिसतात. त्यांचा एकमेकींशी संबंध काय?

या तीन ओळी तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. Pay at property ही ओळ पैसे कधी आणि कोठे द्यायचे एवढेच सांगते. Non-refundable ही ओळ, तुम्ही आला नाहीत तरी किती रक्कम देणे लागता, हे सांगते. तिसरी ओळ, रद्द केल्यास काहीही द्यावे लागणार नाही अशी सवलत कोणत्या क्षणापर्यंत आहे, ते सांगते. पहिली ओळ वाचून दुसरीचा अर्थ लावणे, म्हणजे ‘पैसे नंतर द्यायचे आहेत, त्याअर्थी रद्द केले तरी चालेल’ असे समजणे, ही आम्हाला सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

हॉटेलच्या बाजूने पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होते. बुकिंग संकेतस्थळाच्या हॉटेलसाठी असलेल्या भागात आम्ही एकाच खोलीचे दोन-तीन दर भरतो आणि प्रत्येक दराला रद्द करण्याची अट जोडतो. पैसे कधी घ्यायचे ही नोंद तेथे वेगळ्या रकान्यात असते. प्रवाशाला जो स्क्रीन दिसतो तो या वेगवेगळ्या रकान्यांतील मजकूर एकत्र करून तयार झालेला असतो. या ओळी कोणीतरी सलग बसून लिहिलेल्या नसतात, आणि म्हणूनच त्या एकमेकींच्या विरुद्ध बोलत असल्यासारख्या वाटतात.

मी एक रुपयाही भरलेला नाही. मग रद्द केल्यावर माझ्याकडून पैसे कसे मागता येतात?

‘बुकिंग पूर्ण करा’ हे बटण दाबताना तुम्ही त्या दराच्या अटी मान्य करता. रक्कम आधी भरली असेल तर ती परत मिळत नाही आणि भरली नसेल तर ती देणे राहते, असा ना-परतावा दराचा अर्थ आहे. ‘परतावा’ या शब्दामुळे घोटाळा होतो, कारण जे दिलेच नाही ते परत कसे मिळणार, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. मराठीत या दराला ‘रद्द केला तरी पूर्ण भाडे लागू’ असे म्हटले असते तर गैरसमज कमी झाले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

Non-refundable आणि Free cancellation until या दोन्ही ओळी एकाच बुकिंगमध्ये कशा असू शकतात?

याची तीन कारणे आमच्या पाहण्यात आहेत. पहिले आणि सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे एकाच बुकिंगमध्ये दोन खोल्या असून त्या दोन वेगवेगळ्या दरांनी घेतलेल्या असतात. अशा वेळी रद्द करण्याची मुदत एका खोलीची असते आणि ना-परतावा ही अट दुसरीची, पण स्क्रीनच्या वरच्या भागात ठळक अक्षरांत केवळ मुदतच दिसते आणि प्रत्येक खोलीची अट पाहण्यासाठी खाली सरकवत जाऊन तो भाग उघडावा लागतो.

दुसरे कारण म्हणजे बुकिंग केल्यानंतरची थोड्या काळाची सूट. काही संकेतस्थळांवर हॉटेलला अशी सोय ठेवता येते की, चुकून झालेले बुकिंग ठरावीक तासांत रद्द केल्यास शुल्क लागणार नाही. तशी सोय असल्यास स्क्रीनवरील मुदत बुकिंगच्याच किंवा दुसऱ्या दिवसाची असते. मुदतीची तारीख तुमच्या मुक्कामाच्या तारखेपेक्षा बुकिंगच्या तारखेच्या जवळची असेल, तर ती बहुधा याच प्रकारची आहे असे समजावे.

तिसऱ्या प्रकारात ती ओळ मुळात मोफत रद्द करण्याची नसतेच. ‘अमुक तारखेपर्यंत एका रात्रीचे भाडे, त्यानंतर पूर्ण भाडे’ अशी पायरी असते आणि घाईत वाचणाऱ्याला त्यातील फक्त तारीख दिसते. म्हणून तारखेच्या आधी ‘मोफत’ अथवा Free हा शब्द आहे की नाही, हे तपासणे आवश्यक आहे. तो शब्द नसेल तर ती तारीख सवलतीची नाही, ती शुल्क वाढण्याची आहे.

हे एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावरून समजावून सांगाल का?

डिसेंबर २०२५ मधील एक प्रकरण सांगतो. ठाण्याच्या एका कुटुंबाने शनिवार, २७ आणि रविवार, २८ डिसेंबर अशा दोन रात्रींसाठी आमच्याकडे दोन खोल्या घेतल्या होत्या. एक दिवस तुळजापूर आणि एक दिवस अक्कलकोट असा त्यांचा बेत होता. बुकिंग ६ डिसेंबरच्या रात्री झाले. पहिली खोली त्यांनी ना-परतावा दराने, म्हणजे एका रात्रीला २,१६० रुपयांनी घेतली. तो दर शिल्लक नसल्यामुळे दुसरी खोली २,४०० रुपयांच्या नेहमीच्या दराने मिळाली आणि तिला २५ डिसेंबर, सायंकाळी ६ पर्यंत मोफत रद्द करण्याची मुदत होती. दोन्ही खोल्यांचे पैसे हॉटेलवरच द्यायचे होते.

स्क्रीनवर वर हिरव्या रंगात Pay at property आणि त्याखाली २५ डिसेंबरची मुदत होती. Non-refundable हा शब्द पहिल्या खोलीच्या तपशिलात, राखाडी रंगातील लहान अक्षरांत होता. घरातील आजोबांना अचानक रुग्णालयात दाखल करावे लागल्याने कुटुंबाने २४ डिसेंबरला दुपारी, म्हणजे मुदतीच्या एक दिवस आधी, संपूर्ण बुकिंग रद्द केले. दुसरी खोली एकही रुपया न लागता सुटली. पहिल्या खोलीसाठी मात्र दोन रात्रींचे ४,३२० रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटीचे २१६ रुपये, असे एकूण ४,५३६ रुपये शुल्क त्यांना दाखवले गेले. काही वेळातच त्यांचा फोन आला आणि ‘मुदत तर उद्यापर्यंत आहे’ हे त्यांचे पहिले वाक्य होते.

ते खोटे बोलत नव्हते आणि आम्हीही त्यांना फसवलेले नव्हते. त्यांनी वाचलेली मुदत खरी होती, पण ती त्या खोलीची नव्हती. पुढे शनिवारची रात्र काउंटरवर थेट आलेल्या प्रवाशांना विकली गेली, म्हणून आमच्या मालकांनी त्या रात्रीचे शुल्क माफ केले. रविवारची रात्र रिकामी राहिली आणि तिचे करासह २,२६८ रुपये त्या कुटुंबाने यूपीआयने भरले. आम्ही त्यांना त्या रकमेचे रीतसर बिल दिले. ही सूट खोली पुन्हा विकली गेल्यामुळे मिळाली होती, तो त्यांचा हक्क नव्हता, हेही येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

मुक्कामच केला नाही, तर रद्द शुल्कावर जीएसटी का?

केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार, रद्द शुल्कावर मूळ सेवेला जो दर लागू असतो त्याच दराने कर लागतो. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के दर आहे. त्यापूर्वी तो १२ टक्के होता. जुन्या बुकिंगचा स्क्रीन आणि नवे बिल यांत फरक दिसल्यास हे एक कारण असू शकते. स्क्रीनवरील भाडे करासह आहे की कराशिवाय, हे त्या आकड्याच्या खालच्या बारीक ओळीत लिहिलेले असते.

मुदत कोणाच्या घड्याळाप्रमाणे मोजली जाते?

सर्वसाधारणपणे हॉटेल ज्या ठिकाणी आहे तेथील वेळ धरली जाते. सोलापुरातील हॉटेलच्या बाबतीत ती भारतीय प्रमाणवेळ असते. त्यामुळे दुबईत नोकरी करणाऱ्या मुलाने गावाकडच्या आई-वडिलांसाठी बुकिंग केले असेल आणि मुदत सायंकाळी ६ ची असेल, तर त्याच्या घड्याळात दुपारी साडेचार वाजताच ती संपते.

मध्यरात्रीची मुदत आणखी फसवी आहे. ‘२६ डिसेंबर, 00:00’ असे लिहिलेले असेल तर तो २६ तारखेचा पहिला क्षण आहे, म्हणजे २५ तारखेची रात्र संपताच मुदत संपते. २६ चा पूर्ण दिवस हातात आहे असे समजून सकाळी निवांतपणे रद्द करणारे प्रवासी एक रात्र गमावून बसतात. ‘23:59’ असे लिहिले असेल तर मात्र तो दिवस पूर्ण मिळतो.

‘आगमनाच्या ४८ तास आधी’ अशा शब्दांत मुदत असेल, तर तुमची गाडी किती वाजता पोहोचणार याचा तिच्याशी संबंध नसतो. तास कोठून मोजायचे ते हॉटेलच्या अटीत ठरलेले असते. कोठे ते चेक-इनच्या वेळेपासून मागे मोजतात, तर कोठे आगमनाच्या तारखेच्या मध्यरात्रीपासून. चेक-इन दुपारी १२ चे असेल तर या दोन पद्धतींत बारा तासांचा फरक पडतो. अशा वेळी स्वतः गणित मांडत बसू नये. कन्फर्मेशनमध्ये बहुधा ही मुदत प्रत्यक्ष तारीख आणि वेळ यांच्या रूपातही दिलेली असते, तीच ग्राह्य धरावी आणि ती नसेल तर हॉटेलला विचारून लेखी उत्तर घ्यावे.

आम्ही रात्रीच्या गाडीने निघून सकाळी सोलापूरला उतरतो. बुकिंग कोणत्या तारखेचे करावे?

हा प्रश्न मुदतीशी जोडलेला आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री मुंबईहून सुटते आणि सकाळी सोलापूरला पोहोचते. शुक्रवारी रात्री निघालेल्या प्रवाशाने शनिवारचे बुकिंग केले असेल, तर त्याची खोली दुपारच्या चेक-इनपासून सुरू होते. सकाळी खोली रिकामी असेल तर आम्ही ती देतो, परंतु सुट्टीच्या दिवसांत ती रिकामी असेलच असे नाही.

उतरल्याबरोबर आंघोळीसाठी खोली हवी म्हणून काही जण शुक्रवारपासूनचे बुकिंग करतात. ते योग्यच आहे, पण त्यात एक धोका आहे. मध्यरात्रीनंतर आम्ही दिवसाचा हिशेब बंद करतो, ज्याला हॉटेलच्या कामात नाइट ऑडिट म्हणतात. शुक्रवारच्या यादीतील जे प्रवासी तोपर्यंत आलेले नसतात, त्यांची नोंद ‘नो-शो’ अशी होण्याची शक्यता असते. नो-शो झाल्यावर खोली सुटू शकते आणि शुल्कही लागू होते. पैसे हॉटेलवर द्यायचे असतील तर ही शक्यता अधिक असते, कारण प्रवासी येणार आहे याचा कोणताही पुरावा हॉटेलच्या हातात नसतो. म्हणून अशा बुकिंगमध्ये Special requests या जागेत गाडीचे नाव आणि पोहोचण्याची वेळ लिहावी, आणि आदल्या दिवशी फोन करून ‘आम्ही शनिवारी सकाळी येत आहोत, शुक्रवारची खोली धरून ठेवा’ असे स्पष्ट सांगावे. काही लॉज चोवीस तासांच्या हिशेबाने खोली देतात. तेथे वेळ तुम्ही आल्यापासून मोजली जाते आणि ही अडचण उद्भवत नाही, पण ती पद्धत संकेतस्थळावरून केलेल्या बुकिंगलाही लागू आहे का, हे आधी विचारावे.

बुकिंग करताना कार्डाचा क्रमांक घेतला होता. रद्द केल्यावर रक्कम आपोआप कापली जाईल का?

हॉटेलवर पैसे द्यायचे असतानाही कार्ड मागितले जाते, तेव्हा ते हमी म्हणून मागितलेले असते. भारतातील बँकेचे कार्ड आणि भारतातील व्यापारी असतील, तर ऑनलाइन व्यवहाराला रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ओटीपीसारखी दुसरी पडताळणी लागते. त्यामुळे आमच्यासारखे लॉज तुमच्या संमतीशिवाय केवळ क्रमांकावरून रक्कम काढू शकत नाही. परदेशी कंपनीमार्फत होणाऱ्या व्यवहारात मात्र अशी पडताळणी प्रत्येक वेळी मागितली जातेच असे नाही, आणि कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असतील तर रक्कम कापली गेल्याची उदाहरणे आहेत.

रक्कम कापली गेली नाही म्हणजे देणे संपले, असा मात्र याचा अर्थ होत नाही. हॉटेल ती रक्कम वेगळ्या मार्गाने मागू शकते.

मी जाऊ शकत नाही. आधी बुकिंग रद्द करावे की आधी हॉटेलशी बोलावे?

याचे उत्तर खोलीच्या दरावर अवलंबून आहे आणि दोन्ही दरांसाठी ते अगदी उलट आहे. मोफत रद्द करण्याची मुदत अजून संपलेली नसेल, तर आधी रद्द करावे आणि मग फोन करावा. हॉटेलने फोन उचलण्याची वाट पाहण्यात मुदत निघून गेली, तर आमच्याकडे तुमच्या बाजूने दाखवण्यासारखे काही उरत नाही.

ना-परतावा दर असेल, तर रद्द करण्याचे बटण आधी दाबू नये. ते दाबताच संपूर्ण शुल्क लागू झाल्याची नोंद होते. त्याऐवजी आधी हॉटेलला फोन करून कारण सांगावे आणि संकेतस्थळावर शुल्कमाफीची विनंती करण्याची सोय असल्यास ती वापरावी. ही विनंती हॉटेलकडे जाते आणि होकार किंवा नकार हॉटेलच देते. विनंती करताना ‘शुल्क माफ करा’ एवढेच म्हणण्यापेक्षा ‘तारीख पुढे ढकलून द्या, आम्ही येणारच आहोत’ असे सांगितल्यास मालक लवकर तयार होतात, कारण त्यात त्यांचा प्रवासी टिकून राहतो. वर सांगितलेल्या कुटुंबाने दोन्ही खोल्या एकाच वेळी रद्द केल्या. त्यांनी दुसरी खोली तेवढी रद्द करून पहिलीसाठी आधी फोन केला असता, तर जानेवारीतील तारीख त्यांना सहज मिळाली असती, आणि त्या रविवारच्या पैशांची मला आजही चुटपुट लागते.

विनंती लवकर करणे महत्त्वाचे आहे. चार दिवस आधी कळले तर आम्ही खोली पुन्हा विक्रीला लावू शकतो, परंतु रात्री नऊ वाजता कळले तर ती रिकामीच राहते. न कळवता न येणे हे प्रवाशासाठी सर्वांत तोट्याचे आहे. त्यात शुल्क तर पूर्ण लागते आणि माफी मागण्यासाठी आधारही राहत नाही.

हॉटेलने फोनवर ‘काही हरकत नाही, पैसे नकोत’ असे सांगितले. तेवढे पुरेसे आहे का?

नाही. संकेतस्थळ हॉटेलकडून प्रत्येक बुकिंगवर कमिशन घेते, आणि शुल्क लागू झालेल्या रद्द बुकिंगवरही ते आकारले जाऊ शकते. हॉटेलने शुल्क माफ केले पण तशी नोंद संकेतस्थळावर केली नाही, तर मिळालेच नाहीत त्या पैशांवर हॉटेलला कमिशन भरावे लागते आणि महिनाअखेरीस हिशेब जुळवताना तुमचे बुकिंग पुन्हा वर येते. तोंडी माफी देणारा कर्मचारी त्या दिवशी रजेवर असेल, तर दुसरा कर्मचारी स्क्रीनवर जे दिसते तेच खरे मानतो. म्हणून ‘माफीची नोंद तुमच्या बाजूने संकेतस्थळावर करा’ अशी विनंती करावी आणि रद्द शुल्क शून्य असल्याचा ईमेल आल्यावरच विषय संपला असे समजावे.

तारीख बदलली किंवा एक रात्र कमी केली, तर जुनीच मुदत लागू राहते का?

बहुतेक वेळा नाही. तारीख बदलली की संकेतस्थळ त्या दिवसाचा उपलब्ध दर लावते आणि त्या दराची अट बुकिंगला जोडली जाते. नवा दर ना-परतावा असेल, तर मोफत रद्द करण्याची सवलत तुम्ही नकळत सोडून देता. बदल केल्यावर येणारे नवे कन्फर्मेशन पहिल्याइतकेच काळजीपूर्वक वाचावे. ना-परतावा दराने आलेला प्रवासी एक दिवस आधी निघाला, तरी उरलेल्या रात्रीचे भाडे लागू राहते.

ना-परतावा दर घ्यावा की घेऊ नये?

वरील उदाहरणातील एका खोलीचाच हिशेब करून पाहू. दोन रात्रींसाठी नेहमीच्या दराने करासह ५,०४० रुपये होतात आणि ना-परतावा दराने ४,५३६ रुपये. म्हणजे ५०४ रुपये वाचवण्यासाठी ४,५३६ रुपये पणाला लागतात. सवलत दहा टक्के असेल, तर तुमच्या दहा बेतांपैकी एकापेक्षा जास्त बेत मोडत असल्यास हा दर एकूण हिशेबात तोट्याचा ठरतो.

गाडीचे तिकीट कन्फर्म आहे, सोबत कोणी आजारी अथवा फार वयस्कर नाही आणि प्रवास आठवड्याभरावर आहे, अशा वेळी मी स्वतः तो दर घेण्याचा सल्ला देतो. तिकीट प्रतीक्षा यादीत असताना किंवा परीक्षेचे वेळापत्रक यायचे असताना तो घेऊ नये. रेल्वेने गाडी रद्द केली तरी हॉटेलचे शुल्क आपोआप माफ होत नाही, कारण ते दोन वेगळे व्यवहार आहेत. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या काळात किंवा आषाढी एकादशीच्या सुमारास, खोल्यांना मोठी मागणी असताना, काही हॉटेले केवळ ना-परतावा दरच उघडा ठेवतात. तेव्हा निवडीला वाव नसतो, पण त्याच दिवसांत खोली पुन्हा विकली जाण्याची शक्यताही अधिक असते, त्यामुळे लवकर केलेल्या माफीच्या विनंतीला होकार मिळण्याची आशा असते.

कन्फर्मेशन असूनही हॉटेलनेच खोली नाकारली, तर?

पैसे भरलेले नसतात म्हणून हॉटेलवर काहीच जबाबदारी नाही, असे मुळीच नाही. कन्फर्मेशन दोन्ही बाजूंना बांधते. आमच्या व्यवसायातील काही जण गर्दीच्या दिवशी जास्त भाडे देणारा प्रवासी आला की पैसे न भरलेले बुकिंग सोडून देतात, आणि हे अत्यंत चुकीचे आहे. असे झाल्यास काउंटरवरूनच संकेतस्थळाच्या मदत क्रमांकावर फोन करावा, त्याच दर्जाची दुसरी खोली मागावी आणि स्वतःहून रद्द करण्याचे बटण दाबू नये. ‘तुम्हीच रद्द करा म्हणजे लवकर होईल’ असे कोणी सुचवले तरी ते मान्य करू नये, कारण मग नोंद प्रवाशाने रद्द केल्याची होते आणि ना-परतावा दरात शुल्कही तुमच्याच नावावर पडते.

Pay at property असूनही आगाऊ रक्कम मागणारा संदेश आला आहे. भरावी का?

काही हॉटेले गर्दीच्या काळात एका रात्रीचे भाडे आगाऊ मागतात आणि अटींमध्ये तसे लिहिलेले असते. ते लिहिलेले नसेल, तर संदेशातील लिंक न उघडता, हॉटेलचा क्रमांक कन्फर्मेशनवरून घेऊन स्वतः फोन करावा. ‘बारा तासांत कार्डाची पडताळणी न केल्यास बुकिंग रद्द होईल’ अशा आशयाचे संदेश पाठवून फसवणूक करणाऱ्या टोळ्या आहेत, आणि त्यांच्याकडे कधी कधी तुमचे नाव व मुक्कामाच्या तारखाही बरोबर असतात. आगाऊ रक्कम दिलीच, तर बुकिंग क्रमांक असलेली पावती घ्यावी.

वाद झाल्यास उपयोगी पडावे म्हणून काय जपून ठेवावे आणि तक्रार कोठे करावी?

बुकिंग होताच स्क्रीनच्या केवळ वरच्या भागाचा फोटो घेऊन थांबू नये. प्रत्येक खोलीच्या दराचे नाव, तिची रद्द करण्याची अट, मुदतीची तारीख व वेळ आणि करासह एकूण रक्कम, एवढे दिसेपर्यंत खाली सरकवत जाऊन सर्व भागांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. संकेतस्थळावरील मजकूर नंतर बदलू शकतो, पण ईमेलने आलेले कन्फर्मेशन बदलत नाही, म्हणून ते पुसून टाकू नये. बुकिंगचा पिन मात्र काउंटरवरच्या माणसालाही सांगू नये, कारण त्याच्या आधारे दुसरी व्यक्ती बुकिंग रद्द करू शकते.

तक्रार आधी हॉटेलकडे आणि संकेतस्थळाकडे लेखी करावी. तेथे दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार, ई-कॉमर्स संस्था स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द केल्यावर तसेच शुल्क सोसत नसेल, तर तिला ग्राहकाकडून रद्द शुल्क घेता येत नाही. तसेच नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, महत्त्वाची माहिती दडवून किंवा फिकट करून ग्राहकाची दिशाभूल करणारी मांडणी ही अनुचित प्रथा ठरते. राखाडी, बारीक अक्षरांतील Non-refundable आणि ठळक, हिरवी मुदत असा स्क्रीनशॉट तुमच्याकडे असेल, तर तक्रारीत या मुद्द्याचा उल्लेख अवश्य करावा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दावा दाखल करता येतो, आणि सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क लागत नाही.